पप्पांनी पावती लॅमिनेट केली तेव्हा

आमच्या दुकानाला पुढून एक धंदा आहे आणि मागून दुसरा. पुढे आईचं झेरॉक्स आणि लॅमिनेशन, मागे पप्पांचं फॅब्रिकेशन, म्हणजे ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड वगैरे. बोईसरला एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मागे ग्राइंडर सुरू झाला की पुढच्या गिऱ्हाइकाला किती कॉप्या हव्यात ते बोटांनी दाखवायला लागतं. मी मधल्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन बसते आणि लोकांचे अर्ज टाइप करते. माझा टायपिंगचा स्पीड चांगला आहे. हे मी स्वतःच सांगते कारण दुसरं कोणी सांगत नाही. आई तर म्हणते, तू टाइप करतेस की मशीनवर राग काढतेस.

तर या घरात लॅमिनेशनचं मशीन फुकटात हाताशी असल्यामुळे पप्पांना एक सवय लागली. कुठलाही कागद महत्त्वाचा वाटला की ते तो मशीनमधून काढायचे. आधार कार्ड, माझं दहावीचं मार्कशीट, ठीक आहे. पण आमच्याकडे लॅमिनेट केलेली लग्नपत्रिका आहे, गॅसचं बिल आहे, डॉक्टरने आईला पथ्य लिहून दिलेली चिठ्ठी आहे. पप्पा मूळचे मुरब्याचे. म्हणतात, आमच्या घरात खाऱ्या हवेने कागदाचा पापड व्हायचा, तुम्हाला काय माहीत. आई म्हणते, आता कागदाचा पापड होत नाही, पापडाचा खर्च होतो. लॅमिनेशनचे पाऊच तिचे असतात ना.

आता मुख्य गोष्ट. पप्पांनी पालघरच्या एका सरकारी कार्यालयाचं टेंडर भरलं होतं. उमरोळीच्या एका शाळेत सायकलींसाठी शेड बांधायची होती. काम लहान, त्यामुळे टेंडर ऑनलाइन नव्हतं, बंद लिफाफ्यांचं होतं. टेंडर भरताना काही रक्कम आधी जमा करायला लागते, म्हणजे माणूस गंमत म्हणून भरत नाहीये हे त्यांना कळावं. सरकारी मराठीत बयाणा रक्कम, पप्पांच्या भाषेत ईएमडी, आणि आमच्या मुरब्याच्या आत्याच्या भाषेत डिपाझिट. पप्पांनी डीडी काढून कॅशियरकडे दिला, पावती घेतली, पावतीची झेरॉक्स लिफाफ्यात घातली. आणि ओरिजिनल पावती घरी आणून, तुम्हाला कळलंच असेल, मशीनमधून काढली. दोन्ही बाजूंनी. गरमागरम.

काम मिळालं नाही. दुसऱ्याचा दर कमी निघाला, पप्पा दुसऱ्या नंबरवर आले. आई म्हणाली, दुसरा नंबर आलाय, शाळेत असता तर बक्षीस मिळालं असतं.

इथे बक्षिसाऐवजी उलटंच मिळतं. ज्यांचे दर फारच जास्त होते त्यांची रक्कम लगेच परत मिळाली. पण पहिल्या दोन-तीन जणांची कार्यालय ठेवून घेतं. पहिला माणूस करार करायला आलाच नाही तर दुसऱ्याला विचारता यावं म्हणून. म्हणजे पप्पा थोडे अजून वाईट हरले असते तर पैसे आधी मिळाले असते. हे मी त्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, तुझी बुद्धी तुझ्या आईवर गेलीय. आई मागून म्हणाली, म्हणूनच दुकान चाललंय.

पैसे अडकले तरी पप्पांना घाई नव्हती. घाई आत्यामुळे झाली.

आत्या मुरब्याला मासळी विकते. तिथला बाजार उघड्यावर आहे. चार बांबू आणि ताडपत्री, ती पण अशी की ऊन भोकांतून बरोबर कोलंबीवर पडतं. पप्पांपेक्षा ती दहा वर्षांनी मोठी, त्यामुळे पप्पा पन्नाशीला आले तरी तिच्यासाठी बालाच. एके दिवशी सकाळी तिचा फोन आला. फोन स्पीकरवरच असतो, कारण तिचा आवाज कानाला लावून ऐकायचा नसतो.

"बाला, आमच्या बाजाराच्या शेडीचा टेंडर निंगालाय. पंचायतीत कागद लावलाय. तू भरतंस का नाय?"

"कुठल्या ऑफिसचं हाय, बाय?" पप्पा तिच्याशी बोलताना आपोआप मुरब्याचे होतात.

"पालघरच्या. त्याच, जिथं तू हरलास."

"भरतो ना."

"भरतो ना काय. पुढल्या शुक्रवारपर्यंत हाय. दुसऱ्या कोनी बांधली न् गळली तर बाजारातल्या बायका मला हसतील. सांगतील, हिचा भाव वेल्डर, न् ही छत्री घेऊन बसते."

फोन ठेवल्यावर पप्पांनी आईकडे बघितलं. आईने टेबलावरचा स्टेपलर उगाच उघडून बंद केला.

गोष्ट अशी होती की आमच्याकडे ईएमडीला लागणारी रक्कम एकच असते आणि तीच फिरत असते. एका टेंडरमधून परत आली की दुसऱ्यात जाते. बाकीचे पैसे त्या वेळी लोखंडात गुंतलेले होते, मागे गेटांचं काम चालू होतं. आणि ती फिरती रक्कम पालघरला सायकल शेडच्या फाइलीत बसली होती. ती शुक्रवारच्या आत परत आली तर आत्याची शेड भरता येणार, नाही तर नाही.

"अर्ज टाइप कर," पप्पा मला म्हणाले.

मी तर वाटच बघत होते. लोकांचे इतके अर्ज केले, रस्त्यावरच्या खड्ड्याचे, नळाचे, जावयाच्या नावात चूक झाल्याचे, पण घरचा पहिलाच. पप्पा सांगायला लागले आणि मी टाइप करायला लागले.

"लिही. महोदय, मी गेली बावीस वर्षं प्रामाणिकपणे वेल्डिंगचा व्यवसाय करत आहे."

"पप्पा, हे कशाला?"

"लिही तू. तसेच ज्या माणसाला काम दिले आहे त्याने एवढ्या कमी दरात काम कसे परवडते ते स्पष्ट करावे."

"हा अर्ज पैसे परत मागायचा आहे की भांडायचा?"

"दोन्ही जमतं का बघ."

मी ते सगळं टाइप केलं आणि ते पाणी प्यायला उठले तसं सगळं डिलीट केलं. मग नीट लिहिलं. विषय, बयाणा रक्कम परत मिळणेबाबत. टेंडर नोटिशीचा क्रमांक, कामाचं नाव, काम आम्हाला मिळालेलं नाही हे एका ओळीत. मग पावती पुस्तकाचा नंबर, पावतीचा नंबर, तारीख, डीडीचा नंबर, बँक आणि शाखा, रक्कम अंकात आणि अक्षरात. खाली आमच्या खात्याचा नंबर, सोबत रद्द केलेला चेक आणि मूळ पावती. पावतीवरचे आकडे बघायला मी ती हातात धरली तेव्हा छान चकाकत होती. मला वाटलं, वा, एक अक्षरही पुसलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि पप्पा स्कूटरने पालघरला निघालो. उमरोळीला पप्पांनी स्कूटर न सांगता शाळेकडे वळवली. सायकल शेडचे खांब उभे झाले होते. पप्पा कुंपणाबाहेर उभे राहिले, एका डोळ्याने खांबाची रेष बघितली.

"वेल्डिंग बघ. च्युइंगम चिकटवल्यासारखं केलंय."

"चला ना."

"आणि प्रायमर? प्रायमर कुठाय?"

कुंपणाच्या आतून एक कामगार बघत होता. त्याने विचारलं, "चाचा, किसका काम है? कुछ चाहिए क्या?"

"नहीं नहीं," पप्पा म्हणाले, "ऐसे ही. अच्छा है काम."

आणि स्कूटरवर बसल्यावर पालघरपर्यंत अच्छा नाही हे मला समजावत होते. मी मात्र तिथून एक फोटो काढून ठेवला होता. कशाला ते मलाही माहीत नव्हतं, मी सगळ्याचेच फोटो काढते.

कार्यालयात आवक खिडकीवर अर्जाच्या आमच्या कॉपीवर शिक्का मिळाला आणि आम्हाला लेखा विभागात पाठवलं. तिथे एक मॅडम होत्या. चष्मा केसात अडकवलेला, समोर फायलींचा ढीग, ढिगावर डबा. त्यांनी अर्ज वाचला. अख्खा. वाचून माझ्याकडे बघितलं.

"हा कोणी लिहिला?"

"मी."

"बरं लिहिलाय. लोक पावती नंबर लिहीतच नाहीत. लिहितात, माझे पैसे परत करा, मी गरीब आहे." मग पप्पांकडे वळून, "पण तुमचा दुसरा नंबर आहे. पहिल्याने करार केलाय की नाही ते फाइलवर बघायला लागेल. आमचे टेंडरचे क्लार्क आज रजेवर."

मी लगेच फोन पुढे केला. "मॅडम, काम सुरू झालंय. आत्ताच बघून आलो. हे खांब."

मॅडमनी केसातला चष्मा नाकावर आणला. "फोटो काय करू, फाइलीत चिकटवू?" पण उठल्या, शेजारच्या कपाटातून फाइल काढली, पानं उलटली. "हो. करार झालाय, कामाचा आदेशही गेलाय. मग अडचण नाही. मूळ पावती द्या."

पप्पांनी पिशवीतून पावती काढली. कशी काढली सांगू, मुलीच्या लग्नात आहेर काढतात तशी. दोन्ही हातांनी पुढे केली.

मॅडमनी ती घेतली. पुढून बघितली. मागून बघितली. खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवली. त्यानेही मागून बघितली आणि चहा प्यायला निघून गेला, हसत.

"काका," मॅडम म्हणाल्या, "हे काय केलंत?"

"खराब होऊ नये म्हणून."

"झाली नाही. आता शंभर वर्षं होणार नाही. पण ह्याच्या मागे एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून, रक्कम परत मिळाली असं लिहून तुमची सही घ्यायची असते. कुठे घेऊ?"

"मार्करने करतो. माझ्याकडे लोखंडावर लिहायचा आहे."

"करा, आणि मी बोटाने पुसून दाखवते." त्यांनी खरंच टेबलावरचा पेन घेऊन कोपऱ्यात रेघ मारली. पेन घसरला, रेघ उठली नाही. "आणि दुसरं, प्लास्टिकच्या आत ही ओरिजिनल आहे की कलर झेरॉक्स हे मला कसं कळणार? मला कळलं तरी ऑडिटवाल्यांना कसं कळणार? ते मला विचारतील, मॅडम, तुम्ही प्लास्टिकवर पैसे दिलेत?"

"मॅडम, माझ्या बायकोचं झेरॉक्सचं दुकान आहे, आम्ही तसलं काही..."

"काका, हे इथे बोलू नका."

मी खाली बघितलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, कारण शुक्रवार जवळ होता.

पप्पांचा आवाज खाली आला. म्हणाले, "पुढच्या टेंडरला हेच पैसे लागणार आहेत. मुरब्याच्या बाजाराच्या शेडचं. माझी बहीण तिथं बसते."

मॅडमनी पावती टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "पावती हरवली असती तर स्टँप पेपरवर हमीपत्र घेतलं असतं. तुमची हरवलेली नाही, कैदेत आहे. पण मार्ग तोच. हमीपत्र करून आणा की ही मूळ पावती आहे, रक्कम दुसऱ्यांदा मागणार नाही. सहीसाठी वेगळ्या कागदावर तिकीट लावून पावती द्या. मी माझ्याकडची पावती पुस्तकातली स्थळप्रत काढून नंबर जुळवते. जुळला तर साहेबांकडे ठेवते. शुक्रवारच्या आत होईल असं मी सांगत नाही."

"प्लास्टिक काढून आणलं तर?" पप्पांनी विचारलं.

"काढता येत असेल तर आणा. पण फाटली तर माझ्याकडे रडायचं नाही."

घरी पोचलो तर पप्पांनी आधी इस्त्री काढली. आई काउंटरवरून उठून मागे आली.

"काय करताय?"

"प्लास्टिक गरम करून सोडवतो."

"माझ्या मशीनने लागलेलं प्लास्टिक सुटत नाही. सुटलं तर अक्षर घेऊन सुटतं."

"तुला काय माहीत?"

"मला काय माहीत," आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मी इथे पंधरा वर्षं भेळ विकते."

शेवटी ठरलं की आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघायचं. कशावर? मी पथ्याची चिठ्ठी आणली. पप्पांनी कापड ठेवून इस्त्री फिरवली, कोपरा पकडला आणि हळूच ओढला. प्लास्टिक सुटलं. त्याच्या आतल्या बाजूला सगळी शाई चिकटून आली, आणि हातात उरला एक फिका, लव उठलेला कागद. डॉक्टरचं अक्षर प्लास्टिकवर उलटं, पण एकदम स्वच्छ दिसत होतं.

आई म्हणाली, "अगंबाई, भात बंद लिहिलंय होय. मी इतके दिवस भात भरपूर वाचत होते."

पप्पांनी इस्त्री बंद केली. पावतीला कोणी हात लावला नाही.

सकाळी पुन्हा पालघर. स्टँप पेपर, नोटरी, हमीपत्राचा मजकूर मी नोटरीच्या टायपिस्टपेक्षा आधी करून नेला होता. त्याला ते आवडलं नाही. पप्पांनी वेगळ्या कागदावर तिकीट लावून अर्धी तिकिटावर, अर्धी बाहेर अशी सही केली, आणि करताना जीभ बाहेर काढली होती, लहान मुलासारखी. मॅडमनी स्थळप्रतींचं जाड पुस्तक उघडलं. माझ्या अर्जातला पावती नंबर वाचला, पान काढलं. कार्बनची निळी प्रत. तारीख जुळली. डीडी नंबर जुळला. मग त्यांनी लॅमिनेट केलेली पावती पंचिंग मशीनमध्ये घातली. मशीन दाबलं जाईना. पप्पा उठले, "द्या इकडे," म्हणाले आणि लोखंड वाकवणाऱ्या हाताने दाबलं. टक्क आवाज आला. पावतीला दोन भोकं.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "ज्याने केलं त्यानेच निस्तरलं."

त्यानंतर वाट बघणं. आत्याचा रोज फोन. "डिपाझिट आला?" नाही आला. "मग त्या मॅडमला सांग, मी पापलेट पाठवते." पप्पा घाबरून म्हणाले, "बाय, तसला काय करू नको, दोघांना घेऊन जातील." "घेऊन जातील तर जातील, जेलात शेड तरी असेल."

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं नाही जमणार. आई पण पाऊचचा हिशेब करत बसली होती, तेव्हाच ओळखलं की ती काहीतरी मोडायचा विचार करतेय. बहुतेक तिची एफडी. पप्पांनी तिच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मागे गेटचं काम चालू होतं, पण ग्राइंडरचा आवाज मधेच थांबायचा, म्हणजे पप्पा फोन बघत होते.

गुरुवारी दुपारी थांबला तो थांबलाच. मी मागे गेले तर पप्पा वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर करून फोन डोळ्याजवळ धरून उभे.

"वाच गं हे. मला एक शून्य जास्त दिसतंय की बरोबर आहे?"

बरोबर होतं. पूर्ण रक्कम, बँकेचा मेसेज. पप्पा तसेच, काळ्या हातांनी, बँकेत धावले डीडी काढायला. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं पुन्हा त्याच कार्यालयात, त्याच कॅशियरच्या खिडकीवर. लॅमिनेट केलेल्या पावतीची बातमी अख्ख्या मजल्यावर पोचलेली होती. कॅशियरने नवीन पावती फाडली, जाळीतून पुढे केली आणि पप्पांनी धरली तरी सोडली नाही.

"काका, ही घरी नेऊन काय करणार?"

"ठेवणार."

"कशी ठेवणार?"

"नुसती ठेवणार."

मग सोडली. मी ती लगेच पप्पांच्या हातातून घेतली आणि माझ्या पुस्तकात ठेवली. लिफाफे मुदतीच्या आत पेटीत पडले.

लिफाफे उघडले त्या दिवशी मी दुकानात होते, पप्पा एकटेच गेले होते. त्यांचा फोन आला तो मला नाही, आईला नाही, आत्याला. हे आम्हाला आत्याकडून कळलं. तिने स्पीकरवर सांगितलं, "माझ्या भावाचा दर सगल्यात कमी. आता परवडंल का नाय ते त्याला इचारा." मागे बाजारातल्या बायकांचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी विचारत होती, खांब नेमका माझ्या टोपलीसमोर नाय ना येणार.

आता शेडचं काम चालू आहे. आत्या सकाळ-संध्याकाळ तिथे उभी राहून देखरेख करते, पप्पांना प्रायमर लावला का विचारते. परवा मी पप्पांना म्हटलं, या वेळची ईएमडी परत मागायचा अर्ज आधीच टाइप करून ठेवते, सगळे नंबर आहेत माझ्याकडे. तर ते म्हणाले, काम मिळालं की ती परत नाही मिळत, सुरक्षा अनामत म्हणून तिथेच राहते. शेड नीट टिकली की मग.

"म्हणजे कधी?"

"गळली नाही तर. तुझ्या आत्याला विचार, तीच सांगेल."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की पैसे परत मिळणार नाहीत याचा इतका आनंद झालेला माणूस मी अजून बघितला नाही.

काम सुरू व्हायच्या आधी कामाचा आदेश टपालाने आला होता, गोल शिक्का, साहेबांची सही, एकदम छान कागद. पप्पांनी तो दोनदा वाचला आणि बोलता बोलता पुढच्या भागात मशीनपाशी जाऊन उभे राहिले. काही करत नव्हते, नुसते उभे होते. आई गिऱ्हाइकाला झेरॉक्स देत होती. तिने वळूनही बघितलं नाही, एक हात मागे नेला आणि लॅमिनेशनच्या मशीनचं बटण बंद केलं.